बारशाच्या पत्रिकेतलं ‘आमची’ कोणाचं?

दादाला मुलगी झाली ती संक्रांतीच्या रात्री, एक वाजून वीस मिनिटांनी. इस्पितळाच्या कागदावर जन्मतारीख पडली १५ जानेवारी २०२६. सकाळी आईने बोटं मोजली आणि म्हणाली, “बारावा दिवस रविवारी येतोय, पंचवीसला. रथसप्तमी आहे.” मी पंधरापासून मोजत होते, त्यामुळे माझा बारावा दिवस सव्वीसला, सोमवारी येत होता. आई म्हणाली, “मध्यरात्र उलटली म्हणून काय झालं? सूर्य कुठे उगवला होता? आपल्या हिशेबात ती चौदालाच जन्मली.” गुरुजींना फोन केला, तर त्यांनीही तेच सांगितलं: वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, जन्मदिवस पहिला धरायचा, आणि बाराव्या दिवशीच बारसं करणार असाल तर वेगळा मुहूर्त बघायला नको.

म्हणजे हातात अकरा दिवस. त्यात मजकूर ठरवायचा, छापायचा आणि पत्रिका लोकांच्या हातात पोचवायची. मी आत्या. कानात नाव सांगायचा मान माझा, आणि पत्रिका लिहायचं कामही ओघाने माझ्याकडेच आलं. आनंदाने घेतलं. मला वाटलं होतं, एक संध्याकाळ पुरेल. पुढचे चार दिवस त्यातच गेले, आणि ते नक्षीत किंवा रंगात गेले नाहीत. ते गेले एका वाक्यात.

परिस्थिती अशी होती. आमचं घर साताऱ्याला, वहिनीचं माहेर कोल्हापूरला, मी पुण्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे वहिनी आणि बाळ कोल्हापुरात. बारा दिवसांच्या बाळाला घेऊन प्रवास नको, म्हणून बारसं तिथेच, वहिनीच्या आईवडिलांच्या घरी करायचं ठरलं. दोन्हीकडचे लोक येणार, पत्रिका मात्र एकच काढायची.

आईकडे जुन्या पत्रिकांचा एक डबा आहे. लग्नाच्या, मुंजींच्या, बारशांच्या, वास्तुशांतीच्या. तिने त्यातली आमच्या चुलतभावाच्या मुलाच्या बारशाची पत्रिका काढून मला फोटो पाठवला. मी तिच्यावरून पहिला मसुदा केला. अशी सुरुवात:

“आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे चिरंजीव अमुक यांच्या कन्येचा नामकरण विधी…”

घरातल्या सगळ्यांना पाठवला. कोणाचीच हरकत आली नाही. वहिनीच्या बाबांकडून फक्त एवढंच उत्तर आलं, “छान आहे. एकदा बोलू या.” मी त्यांना काका म्हणते. संध्याकाळी त्यांनी फोन केला आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, “ताई, ‘आमचे येथे’ म्हणजे कोणाचे येथे?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खाली निमंत्रक म्हणून माझ्या आईबाबांची नावं होती आणि स्थळ म्हणून काकांच्या घराचा पत्ता. म्हणजे पत्रिका असं सांगत होती, की बाबा लोकांना ‘आमच्या घरी या’ म्हणून बोलावतायत आणि घर दुसऱ्याचं देतायत. पाहुणे ज्यांच्या अंगणात उतरणार, ज्यांच्या हातचं जेवणार, त्यांचं नाव पत्रिकेत पत्त्यापुरतं. काका हे बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक शब्द विचारला.

‘आमचे येथे’ हे आपण पत्रिकेत इतक्या सवयीने लिहितो की त्याचा अर्थ उरलेलाच नसतो. पण पत्रिका म्हणजे कोणीतरी कोणालातरी म्हटलेलं वाक्य आहे. बोलणारा कोण, ते आधी ठरवावं लागतं. बोलणारा ठरला की बाळाचं नातं त्याच्याकडून मोजायचं: आजीआजोबा बोलवत असतील तर ‘आमची नात’, आईवडील बोलवत असतील तर ‘आमची कन्या’, पणजी बोलवत असेल तर ‘आमची पणती’. मी ज्या मसुद्याची नक्कल केली होती, त्यात बोलणारे एकाच घरचे होते आणि समारंभही त्याच घरी होता. तिथे ते चपखल बसत होतं. आमच्याकडे बसत नव्हतं.

मग मी तीन पर्याय मांडले. पहिला, दादा-वहिनींनीच बोलवावं: ‘आमच्या कन्येचा नामकरण विधी’. हल्ली बऱ्याच पत्रिका अशा असतात आणि त्यात वावगं काही नाही. पण वहिनी म्हणाली, “ताई, घरात चार-चार मोठी माणसं असताना मी लोकांना बोलावू? मला ते बरं नाही वाटत.” दुसरा, काकाकाकूंनी बोलवावं: ‘आमची कन्या व जावई यांच्या कन्येचा’. घर त्यांचं, ते बरोबरच होतं. पण मग बाबांकडची चाळीस-पन्नास माणसं परक्यांच्या पत्रिकेवर येणार, आणि त्यांना हे कोणाचं बारसं ते कळायला तीन ओळी वाचाव्या लागणार. तिसरा पर्याय दोन्हीकडच्या आजीआजोबांनी मिळून बोलवायचं.

तिसरा लिहायला घेतला तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण मराठीत ‘नात’ हा शब्द दोन्हीकडून सारखाच आहे. मुलाची मुलगी नात, मुलीची मुलगीही नातच. चार माणसं एकाच वेळी ‘आमची नात’ म्हणू शकतात आणि चौघांच्याही तोंडी ते खरं असतं. फक्त ‘आमचे येथे’ काढायचं आणि ‘श्रीकृपेकरून’ पासून सुरुवात करायची. स्थळ खाली स्वतंत्र सांगायचं. “श्रीकृपेकरून आमची नात…” एवढं वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, “आता लागलं.”

पण पुढच्याच शब्दाला पुन्हा अडलं. दादाच्या नावाआधी काय? मोठी माणसं स्वतःच्या मुलाला ‘चि.’ लिहितात. बाबांच्या दृष्टीने दादा चिरंजीव. काकांच्या दृष्टीने तो जावई, आणि जावयाला कोणी ‘चि.’ लिहीत नाही, ‘श्री.’ लिहितात. वाक्य दोघांचं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “श्री. लिही. मला माझ्या मुलाला श्री. म्हणताना कमीपणा नाही, त्यांना जावयाला चि. म्हणताना अवघड वाटेल.” वहिनीला ‘सौ.’ दोन्हीकडून चालतं. आणि तिचं नाव आधी. ते मी कोणाला न विचारता केलं, बाळ तिच्या पोटी आलंय.

बाळाच्या नावाआधी काय लिहायचं हा प्रश्न आम्हाला आला नाही, कारण नाव छापायचंच नव्हतं. पाळण्यात घालून कानात सांगेपर्यंत ते बाहेर पडू द्यायचं नाही. पण ज्यांना ‘चि.’ की ‘कु.’ असा घोळ पडतो त्यांच्यासाठी सांगते: ‘चि.’ मुलीला चालतं. नवरीला आपण ‘चि. सौ. कां.’ लिहितोच, त्यातलं ‘चि.’ हेच आहे. ‘कन्यारत्न’ हा शब्द मात्र मी टाळला. ‘कन्या’ पुरे असतं.

आता आजी. माझ्या बाबांची आई, बाळाची पणजी. वय शहाऐंशी. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. डब्यातल्या जुन्या पत्रिका एकेक करून पाहिल्या तेव्हा जाणवलं, घरातली विधवा बाई एक तर कुठेच नसते, किंवा असली तर ‘गं. भा.’ लावून अगदी शेवटी. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. शब्दाचा अर्थ पवित्र आहे, पण त्याचं काम पत्रिकेवर एवढंच असतं, की वाचणाऱ्याला ही बाई विधवा आहे हे कळावं. बारशाच्या पत्रिकेत ते कळवायची गरज काय? मी ‘श्रीमती’ लिहिलं. 

तिचं नाव कुठे घालायचं, हे तिलाच विचारायचं ठरवलं. मी फोन केला. ती म्हणाली, “माझं कशाला घालतेस? घालायचंच तर ह्यांचं घाल. पणती झाली आहे, त्यांना फार हौस होती.” म्हणजे तिला आजोबांचं नाव हवं होतं. शुभकार्याच्या पत्रिकेत ‘कै.’ नको असं एका काकांचं म्हणणं पडलं. मी डब्यातल्याच चार लग्नपत्रिकांचे फोटो त्यांना पाठवले. ‘कै. अमुक यांचे नातू’ असं चारही ठिकाणी होतं. ते म्हणाले, मग हरकत नाही.

बोलावणाऱ्यांच्या यादीत गेलेल्या माणसाचं नाव येत नाही, कारण तो बोलावू शकत नाही. पण बाळाची ओळख सांगताना ते येऊ शकतं. म्हणून कंसातल्या ओळखीत दोघांना एकत्र घेतलं: “श्रीमती (आजी) व कै. (आजोबा) यांची पणती”. आजी आधी, कारण ती समारंभाला असणार आहे. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “परत वाच.” मी परत वाचलं. मग तिने फोन आईकडे दिला.

एक गोष्ट अजून राहिली होती. रथसप्तमी म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. काकूंना वाटलं, घरात एवढ्या बायका जमणारच आहेत, तर खाली एक ओळ घालू: ‘सायंकाळी ५ ते ८ हळदीकुंकू’. कल्पना सोयीची होती. पण ती ओळ पत्रिकेत आली की आजीला कोणी सांगायची गरजही पडणार नाही, ती आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसेल. ज्या पत्रिकेत ती पणजी म्हणून नावानिशी आहे, तिच्यातच. हे मी बोलायच्या आत वहिनीनेच काकूंना म्हटलं, “आई, तिळगूळ लिहू या का? तिळगूळ सगळ्यांनाच देता येतो.” काकूंनी लगेच मान्य केलं. ओळ अशी झाली: “सायंकाळी ५ वाजता पाळणा व तिळगूळ”.

याने वेळेचाही गुंता सुटला. बारशाला बहुतेक वेळा दोन कार्यक्रम असतात. गुरुजींचा विधी सकाळी, त्याला घरची माणसं. पाळणा, नाव ठेवणं, ओटी हे नंतर, आणि त्यालाच सगळ्यांना यायचं असतं. पत्रिकेत नुसतं ‘सकाळी १० वाजता’ लिहिलं की लोक दहाला येऊन दोन तास बसतात, नाहीतर थेट जेवायला येतात आणि पाळणा चुकतो. आम्ही दोन्ही वेळा वेगळ्या लिहिल्या आणि मधे भोजनाची वेळ. ‘स.’, ‘दु.’, ‘सायं.’ अशी आखूड रूपं न वापरता पूर्ण शब्द घातले. ‘दु.’ लहान अक्षरात भलतंच काहीतरी दिसतं.

मितीच्या ओळीत मी स्वतः चूक केली होती. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो, एवढं मला पाठ होतं. त्यामुळे २०२६ वजा ७८, शके १९४८ असं लिहून मोकळी झाले. बाबांनी पकडलं. ७८ वजा करायचे ते गुढीपाडव्यानंतर. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत जुनाच शक चालू असतो, म्हणून तेव्हा ७९ वजा करायचे. शके १९४७. पौष, माघ, फाल्गुन या महिन्यांतल्या पत्रिकांमध्ये ही चूक सहज होते आणि सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पण आमच्याकडे पत्रिका डब्यात जातात, आणि पुढे कोणीतरी त्यावरून वय मोजतं.

शेवटी ठरलेला मजकूर असा. नावांच्या जागी मी नाती लिहिली आहेत.

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥ · ॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार विनंती विशेष,

श्रीकृपेकरून आमची नात
(सौ. वहिनी व श्री. दादा यांची कन्या,
श्रीमती आजी व कै. आजोबा यांची पणती)
हिचा
नामकरण विधी
मिती माघ शुद्ध सप्तमी (रथसप्तमी), शके १९४७
रविवार, दि. २५ जानेवारी २०२६ रोजी
करण्याचे योजिले आहे.
तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून
बाळास शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.

आपले नम्र
सौ. व श्री. काकाकाकू (कोल्हापूर) · सौ. व श्री. आईबाबा (सातारा)

नामकरण विधी : सकाळी १० वाजता
भोजन : दुपारी १२.३० ते २.३०
पाळणा व तिळगूळ : सायंकाळी ५ वाजता
स्थळ : काकांच्या घराचा पत्ता

आपले आशीर्वाद हाच आहेर.

“माझ्या छोट्या बहिणीच्या बारशाला यायचं हं!”

शेवटची ओळ माझ्या सहा वर्षांच्या मुलीची. तिला ती मोठ्या अक्षरात हवी होती.

वर दोन कुलदैवतं आहेत, कारण बोलावणारी घरं दोन आहेत. आमचा पालीचा खंडोबा, त्यांची अंबाबाई. डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, यावर मला वाटलं होतं बोलणं होईल, पण झालं नाही. खाली नावं लिहिताना मात्र मी उलट क्रम घेतला. वर आमचं दैवत आधी, खाली काकाकाकूंची नावं आधी, कारण यजमान ते. ‘सहकुटुंब, सहपरिवार’ हे एका भावाला द्विरुक्ती वाटलं. जुन्या मराठीत ‘कुटुंब’ म्हणजे बायको, म्हणून दोन शब्द. मी ते दोन्ही ठेवले, कानाला ती जोडीच सवयीची आहे.

निमंत्रकांत चारच नावं ठेवली, यावर थोडी नाराजी झाली. डब्यातल्या काही पत्रिकांमध्ये खाली वीस-वीस नावं आहेत: काका, काकू, मामा, मामी, आत्या, आणि प्रत्येकाची मुलं. एक नाव सुटलं की ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आम्ही सरळ ठरवलं, वाक्यात जे ‘आमची नात’ म्हणू शकतात तेच खाली सही करतील. मी आत्या, माझी ती भाची. म्हणून माझंही नाव नाही. हे सांगितल्यावर मामालाही पटलं.

मांडणी साधी ठेवायची होती, आणि त्याला एक अगदी व्यवहारातलं कारण होतं. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं असतं. बाजारातल्या तयार पत्रिकांच्या नेमक्या चार कोपऱ्यांतच वेलबुट्टी असते, लाल-सोनेरी. त्यावर कुंकू लावलं तर दिसतही नाही. म्हणून आम्ही कोपरे मोकळे ठेवले. कागद ५ बाय ७ इंच, उभा, चारही बाजूंनी जवळजवळ पाऊण इंच समास. वरच्या बाजूला मधोमध छोटा गणपती, एकाच रंगात. कागद चकचकीत नको, असं मी आग्रहाने सांगितलं. गुळगुळीत कागदावर कुंकू धरत नाही, बोट लागलं की पसरतं आणि पाकिटात घातल्यावर मजकुरावर उतरतं. किंचित खरखरीत, फिकट पिवळसर कागद घेतला, शाई गडद तपकिरी.

अक्षरासाठी `Tiro Devanagari Marathi` हा फॉन्ट घेतला. त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात आणि पत्रिका वाचताना काहीतरी परकं वाटत राहतं, काय ते सांगता येत नाही. मजकूर १३ पॉइंट, ‘नामकरण विधी’ २४, आणि बाकी कुठेही तिसरा आकार नाही. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट. रोमन लिपीपेक्षा आपल्याला जास्त अंतर लागतं, कारण वेलांट्या वर आणि उकार खाली. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकला की सगळं गिचमिड होतं. ‘सहकुटुंब’ या शब्दाखाली ‘शुभाशीर्वाद’ आला तर लगेच दिसेल.

ओळी कुठे तोडायच्या याला मी सर्वांत जास्त वेळ दिला. आधी संगणकावर सगळा मजकूर मधोमध टाकला, तेव्हा ‘श्रीमती’ एका ओळीत आणि आजीचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं. ‘शके’ इकडे आणि ‘१९४७’ तिकडे. मग प्रत्येक ओळ हाताने तोडली: जे एका दमात म्हणतो ते एका ओळीत. नाव आणि उपाधी तोडायची नाही. वार आणि तारीख तोडायची नाही. आपल्या पत्रिकेचं वाक्य लांब असतं. ‘हिचा नामकरण विधी’ आणि ‘करण्याचे योजिले आहे’ यांच्या मध्ये मिती येते, तारीख येते. ओळी बरोबर तुटल्या तर ते सहज वाचता येतं. एरवी माणूस तारखेवरच थांबतो. ‘हिचा’ हा शब्द मी एकटाच एका ओळीत ठेवला. आधीच्या कंसातून बाहेर आल्यावर वाचणाऱ्याला आपण बाळाकडे परत आलो हे कळायला तेवढी जागा लागते.

दोन लहान चिन्हं फार दिसतात. एक, दुहेरी दंड. तो ॥ असाच हवा, इंग्रजी कळफलकावरच्या दोन उभ्या रेघा ओळीच्या खाली लोंबतात. दुसरं, ‘नमः’ मधला विसर्ग. फोनवर पटकन अपूर्णविराम टाइप होतो, पण अपूर्णविरामाचे ठिपके लहान पडतात आणि अक्षरापासून सुटतात. आणि उलट ‘स्थळ :’ लिहिताना अपूर्णविरामाआधी एक जागा सोडायची, नाहीतर ते ‘स्थळः’ वाचलं जातं.

वहिनीच्या भावाने मजकूर कोल्हापुरातल्या छापखान्यात नेला. मी फाइल पाठवली होती, पण पीडीएफ नाही, मजकूर बदलता येईल अशी. हीच चूक झाली. तिथल्या संगणकावर जुन्या पद्धतीचा फॉन्ट होता, त्यांनी मजकूर त्यात रूपांतरित केला. दुसऱ्या दिवशी प्रूफचा फोटो आला. ‘शुभाशीर्वाद’चा ‘शुभाशीवार्द’ झाला होता आणि ‘विनंती’ची ‘वनिंती’. रफार एक अक्षर पुढे आणि ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे, हे अशा रूपांतरात नेहमी होतं. घरातल्या सात जणांनी तो फोटो पाहिला आणि सगळ्यांनी ‘छान’ म्हटलं, कारण पाठ झालेला मजकूर आपण वाचत नाही, ओळखतो. मला दिसलं ते माझ्या मुलीमुळे. ती नुकतीच वाचायला शिकली आहे, एकेक अक्षर लावते. तिने मोठ्याने ‘व-निं-ती’ वाचलं. त्यानंतर मी सगळी पत्रिका तिच्याकडूनच वाचून घेतली. मग फॉन्ट आतच बसवलेली पीडीएफ पाठवली आणि तीच जशीच्या तशी छापून आली.

साठ प्रती छापल्या, वडीलधाऱ्यांना हातात द्यायला. बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर. त्यासाठी त्याच मांडणीचं चित्र केलं, १५०० बाय २१०० पिक्सेल, म्हणजे तेच ५ बाय ७. फोनच्या छोट्या पडद्यावर १३ पॉइंटचा मजकूर बारीक पडतो, म्हणून चित्राच्या खाली संदेशात तारीख, तिन्ही वेळा आणि पत्ता पुन्हा लिहून पाठवला. ज्येष्ठ मंडळी चित्र मोठं करून बघत नाहीत, सरळ फोन करून विचारतात.

पत्रिका मंगळवारी, २० तारखेला हातात आल्या. पण देवापुढे ठेवायच्या कशा? जन्माचं सोयर दहा दिवसांचं, तोवर घरच्यांनी पूजाअर्चा करायची नाही. तेवीसला दहावा दिवस. म्हणून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, लोकांना द्यायच्या प्रती हळदकुंकू न लावताच वाटल्या. देवाची पहिली प्रत तेवढी बाजूला ठेवली. शनिवारी, चोवीसला, अकराव्या दिवशी सकाळी काकांच्या देवघरात मी चार कोपऱ्यांना बोटं लावली. मोकळे ठेवलेले कोपरे तेव्हा भरले. हळद फिकट कागदावर जेमतेम दिसली, कुंकू मात्र छान उमटलं.

रविवारी संध्याकाळी पाळण्यात नाव ठेवून झालं. आजी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवत होती. गर्दी ओसरल्यावर तिने मला हाक मारली, पिशवीतून आपली प्रत काढली, उलटी केली आणि म्हणाली, “मागे लिहून ठेव. नाव, आणि जन्मवेळ.” मी नाव लिहिलं. खाली १४ लिहू की १५, म्हणून थांबले. आजी म्हणाली, “दोन्ही लिही. संक्रांतीची रात्र, एक वाजून वीस मिनिटं. आणि कंसात सरकारी तारीख.” तसंच लिहिलं, आणि ती प्रत आईच्या डब्यात गेली.